लॉगआउटनंतरची पंधरा मिनिटे

जबलपुरातल्या एका औषध वितरकाचे उदाहरण समोर ठेवू. हे उदाहरण कल्पित आहे, पण त्यातली अडचण खरी आहे. त्याचे शंभर सेल्समन बरेला, मंडला, कुंडम, डिंडोरी अशा गावांतल्या दुकानांत जाऊन मोबाइल ॲपवर ऑर्डर घेतात. फोन कंपनीचा असतो. सेल्समन नोकरी सोडतो किंवा त्याचा भाग बदलतो, तेव्हा तो लॉगआउट करून फोन जमा करतो आणि दुसऱ्या दिवशी तोच फोन नव्या माणसाच्या हातात जातो. ‘लॉगआउट’ दाबल्यावर लॉगिनचा पडदा दिसतो, पण तेवढ्याने सर्व्हरने जुन्या सेल्समनला ओळखणे थांबवले असे ठरत नाही. ते नेमके कधी थांबते, यावर तज्ज्ञांचे आजही पूर्ण एकमत नाही. हा आढावा त्या प्रश्नाचा आहे.

दोन टोकन का लागली

आज बहुतेक मोबाइल ॲप लॉगिननंतर फोनवर दोन गोष्टी ठेवतात. एक ॲक्सेस टोकन. ते प्रत्येक विनंतीबरोबर जाते आणि मिनिटांत किंवा तासाभरात संपते. दुसरे रिफ्रेश टोकन. ते दिवस, आठवडे टिकते आणि त्याचा उपयोग एकच: पहिले संपले की नवे मागणे. पासवर्ड फोनवर ठेवावा लागत नाही आणि सेल्समनला दर तासाला लॉगिनही करावे लागत नाही.

ही जोडी ओऑथ २.० या मानकाने रूढ केली. ऑक्टोबर २०१२ मध्ये ते आरएफसी ६७४९ म्हणून प्रसिद्ध झाले. आधीच्या आवृत्तीत ॲपला प्रत्येक विनंतीवर सही करावी लागे, त्यामुळे नुसते टोकन चोरून भागत नसे. नव्या मानकाने सहीची सक्ती काढली. टोकन ज्याच्या हाती, त्याला प्रवेश असा नियम झाला, आणि त्याची भरपाई म्हणून टोकनचे आयुष्य कमी करण्यावर भर आला. सोबतच्या आरएफसी ६७५० मध्ये अशी टोकन तासाभराची किंवा त्याहून कमी मुदतीची असावीत असे सुचवले आहे.

या बदलावर पहिला मोठा आक्षेप घरातूनच आला. मानकाचे संपादक एरन हॅमर यांनी जुलै २०१२ मध्ये काम सोडले आणि आपले नावही मानकावरून काढायला सांगितले. त्यांच्या तक्रारींतली एक आपल्या विषयाशी थेट जोडलेली आहे. टोकनमध्येच सगळी माहिती भरून सर्व्हरला डेटाबेस न पाहता ते तपासता यावे, ही मोठ्या कंपन्यांची गरज होती. पण असे टोकन मध्येच रद्द करता येत नाही, म्हणून ते लवकर संपवावे लागते आणि ते सांभाळण्याचे ओझे ॲप लिहिणाऱ्यावर पडते. पुढे मे २०१५ मध्ये जेडब्ल्यूटी हे स्वतःत माहिती बाळगणारे टोकन प्रमाणित झाले, आणि हॅमर यांनी दाखवलेली अदलाबदल लहान कंपन्यांनीही, बहुधा विचार न करता, उचलली.

रद्द करणे: तीन भूमिका

ऑगस्ट २०१३ च्या आरएफसी ७००९ ने टोकन रद्द करण्यासाठी वेगळा पत्ता ठरवून दिला. आपल्या ॲपने लॉगआउटला पाठवायची विनंती अशी दिसेल:

```
POST /revoke HTTP/1.1
Host: auth.example.com
Content-Type: application/x-www-form-urlencoded

token=R7&token_type_hint=refresh_token&client_id=order-app
```

हे मानक रिफ्रेश टोकनच्या बाबतीत ठाम आहे: रद्द करण्याची सोय सर्व्हरने द्यायलाच हवी. ॲक्सेस टोकनबाबत मात्र ते ‘द्यावी’ एवढेच म्हणते. या दोन शब्दांमधल्या जागेत सगळा वाद उभा आहे. `R7` रद्द झाले तरी दोन मिनिटांपूर्वी दिलेले ॲक्सेस टोकन पंधरा मिनिटांचे असेल, तर उरलेली तेरा मिनिटे ते चालते.

पहिली भूमिका ही मिनिटे मान्य करते. रिफ्रेश रद्द करा, ॲक्सेस आपोआप मरू द्या. ॲमेझॉनच्या कॉग्निटोचे दस्तऐवज हे स्पष्ट सांगतात. रिफ्रेश टोकन रद्द केल्यावर त्यातून निघालेले ॲक्सेस टोकन कॉग्निटोच्या स्वतःच्या सेवांमध्ये चालत नाही, पण तुमचा सर्व्हर फक्त सही आणि मुदत तपासत असेल, तर त्याच्या दृष्टीने ते वैधच राहते. औषधांच्या ऑर्डरसाठी तेरा मिनिटे कदाचित परवडतील, पैसे वळते करणाऱ्या ॲपला नाहीत.

दुसरी भूमिका म्हणते, प्रत्येक विनंतीवर विचारा. सर्व्हर टोकनमधला सत्र क्रमांक काढतो आणि ते सत्र जिवंत आहे का हे डेटाबेसमध्ये किंवा रेडिससारख्या वेगवान साठ्यात पाहतो. सगळी जिवंत सत्रे साठवायची नसतील, तर फक्त रद्द झालेल्यांची यादी ठेवता येते. टोकनची मुदत संपली की यादीतली नोंदही काढून टाकायची, म्हणजे यादी फुगत नाही. आक्षेप एकच: डेटाबेस टाळण्यासाठी जेडब्ल्यूटी घेतले, आणि शेवटी डेटाबेसकडेच गेलो.

तिसरी भूमिका मोठ्यांची आहे आणि ती गाडी उलट दिशेने नेते. मायक्रोसॉफ्टच्या एन्ट्रामध्ये साधे ॲक्सेस टोकन ६० ते ९० मिनिटांचे असते. पण ॲप आणि सेवा दोन्ही सततच्या तपासणीची पद्धत पाळत असतील, तर टोकन २८ तासांपर्यंत चालू शकते. पासवर्ड बदलला, खाते बंद झाले, प्रशासकाने सत्रे रद्द केली, की ती घटना सेवेला कळवली जाते आणि सेवा टोकन नाकारते. घटना पोचायला १५ मिनिटांपर्यंत वेळ लागू शकतो, हेही कंपनीच सांगते. म्हणजे टोकन लांब असूनही सुटकेचा काळ पहिल्या भूमिकेइतकाच राहतो, आणि रिफ्रेशच्या फेऱ्या मात्र फार कमी होतात. त्यासाठी दोन्ही टोकांना लागणारी यंत्रणा शंभर सेल्समनच्या वितरकाने उभारावी असे कोणी म्हणणार नाही.

सर्व्हरकडून रद्द करता येणे का हवे, याचे सर्वात मोठे उदाहरण सप्टेंबर २०१८ चे आहे. फेसबुकच्या ‘व्ह्यू ॲज’ सुविधेतल्या चुकांमधून ॲक्सेस टोकन चोरली गेली. कंपनीने सुमारे ५ कोटी खात्यांची टोकन बाद केली आणि खबरदारी म्हणून आणखी ४ कोटींची. त्या सगळ्यांना पुन्हा लॉगिन करावे लागले. प्रत्यक्ष चोरी सुमारे ३ कोटी खात्यांची होती, हे पुढच्या महिन्यात कळले. कोणती टोकन चोरीला गेली हे नेमके ठाऊक नसताना ९ कोटी बाद करणे शक्य झाले, कारण ती बाद करण्याचा अधिकार सर्व्हरकडे होता.

माझे मत दुसऱ्या भूमिकेकडे झुकते, निदान एका सर्व्हरवर आणि एका डेटाबेसवर चालणाऱ्या ॲपसाठी. ऑर्डर लिहायला सर्व्हर डेटाबेसकडे जातोच, त्याच फेरीत सत्राची एक ओळ वाचली तर काही बिघडत नाही. बारा वेगवेगळ्या सेवा टोकन तपासत असतील तेव्हा हिशेब बदलतो.

कुंडमच्या रस्त्यावर हरवलेले उत्तर

लॉगआउटच्या चर्चेत एक बाजू मागे पडते: लॉगआउट न करताच बाहेर फेकले जाणारे लोक. त्यांचे मूळ रिफ्रेश टोकनच्या फेरबदलात आहे, आणि आपल्याकडच्या नेटवर्कवर ही बाजू फार महत्त्वाची ठरते.

मोबाइल ॲप आपल्या पोटात गुपित राखू शकत नाही, कारण ॲप कोणीही उघडून पाहू शकतो. ऑक्टोबर २०१७ च्या आरएफसी ८२५२ ने हे गृहीत धरले आहे. मग चोरलेले रिफ्रेश टोकन ओळखायचे कसे? उत्तर असे की ते एकदाच वापरता यावे. `R1` दिले की `R2` मिळते आणि `R1` संपते. नंतर कोणी `R1` घेऊन आले, तर एकाच टोकनचे दोन धनी आहेत हे उघड होते. त्यातला चोर कोण ते सर्व्हरला कळत नाही, म्हणून तो त्या लॉगिनपासूनची सगळी साखळी तोडतो. जानेवारी २०२५ च्या आरएफसी ९७०० ने अशा ॲपसाठी हा फेरबदल किंवा टोकन फोनशी बांधणे, दोन्हींपैकी एक बंधनकारक केले आहे.

आता प्रत्यक्षात काय होते ते पाहू. ॲक्सेस टोकन १५ मिनिटांचे आहे. सेल्समन कुंडमच्या पुढे निघाला आहे आणि फोनमध्ये नेटवर्कची एकच रेघ उरली आहे. १०:१४ ला ॲप `R1` पाठवतो. विनंती सर्व्हरपर्यंत पोचते. सर्व्हर `R1` वापरले गेल्याची नोंद करतो आणि `R2` पाठवतो. ते उत्तर वाटेत हरवते. वीस मिनिटांनी नेटवर्क येते. ॲपकडे अजून `R1` च आहे, म्हणून तो पुन्हा तेच पाठवतो. सर्व्हरला ही चोरी दिसते, साखळी तुटते, ॲपला `invalid_grant` येते आणि सेल्समनपुढे लॉगिनचा पडदा उभा राहतो.

याचे प्रमाण समजण्यासाठी गृहीत धरू की २०० रिफ्रेशमागे एक उत्तर हरवते. आठ तासांच्या दिवसात १५ मिनिटांच्या टोकनसाठी एका फोनचे ३२ रिफ्रेश होतात, शंभर फोनांचे ३,२००. म्हणजे रोज १६ जण विनाकारण बाहेर. सुरक्षेसाठी कोणी मुदत ५ मिनिटांवर आणली, तर ९,६०० रिफ्रेश आणि ४८ जण बाहेर. मुदत कमी करण्याची किंमत सर्व्हरवरच्या भारात मोजली जाते, पण इथे ती माणसांच्या खोळंब्यात पडते.

यावरचा प्रचलित उपाय म्हणजे सवलतीची खिडकी. फेरबदलानंतर काही सेकंद जुने टोकनही चालू द्यायचे. ऑक्टामध्ये ही खिडकी ० ते ६० सेकंद ठेवता येते आणि मुळात ३० असते. सुपाबेसमध्ये ती मुळात १० सेकंदांची असते. एकाच क्षणी ॲपच्या चार विनंत्यांना `401` मिळाले आणि चौघींनी एकदम रिफ्रेश मागितले, तर ही खिडकी वाचवते. (खरे तर ॲपमध्येच एका वेळी एकच रिफ्रेश चालेल आणि बाकीच्या विनंत्या त्याची वाट पाहतील, असे कुलूप हवे. ते नसेल तर खिडकी फक्त चूक झाकते.) पण वीस मिनिटांच्या नेटवर्कविना रस्त्याला तीस सेकंद पुरत नाहीत, आणि खिडकी वीस मिनिटांची केली तर चोरालाही तेवढीच मोकळीक मिळते.

मला पटणारा नियम वेळेवर चालत नाही, वापरावर चालतो. `R2` पहिल्यांदा वापरले जाईपर्यंत `R1` पूर्ण मरत नाही. `R1` पुन्हा आले आणि `R2` अजून कोणी वापरलेले नसेल, तर `R2` बाद करून नवे टोकन द्यायचे. सुपाबेसचा नियम याच्या जवळचा आहे: चालू टोकनच्या लगेच आधीचे टोकन आले, तर तो चालू टोकनच परत देतो. नवे देण्याचा फायदा हा की चोराने `R1` वापरले असेल, तर खऱ्या फोनकडचे `R2` बाद झालेले असते. फोन ते घेऊन आला की गडबड उघड होते. शिवाय टोकनचा फक्त हॅश साठवणाऱ्या सर्व्हरला जुने टोकन परत देताच येत नाही. तोटाही लपवू नये. `R2` वापरले जाण्याआधी `R1` ची नक्कल हाती आलेला चोर या नियमात लगेच पकडला जात नाही, पुढच्या फेरीपर्यंत वाट पाहावी लागते.

हीच कसोटी नोंदी वाचतानाही उपयोगी पडते. ‘जुने टोकन पुन्हा आले’ अशी नोंद दिसली की एकच गोष्ट पाहायची: त्याच्या पुढचे टोकन वापरले गेले होते का? नसेल, तर बहुधा उत्तर हरवले. असेल, तर चोरी, किंवा बॅकअपमधून दुसऱ्या फोनवर गेलेले टोकन, किंवा कुलूप नसलेला ॲप.

आरएफसी ९७०० मधला दुसरा मार्ग म्हणजे टोकन फोनशी बांधणे. सप्टेंबर २०२३ च्या आरएफसी ९४४९ मध्ये, डीपॉप या नावाने, त्याची पद्धत आहे. फोनच्या सुरक्षित साठ्यात एक खासगी किल्ली राहते आणि ॲप विनंतीबरोबर तिने सही केलेला पुरावा पाठवतो. नुसते टोकन चोरून उपयोग नाही, म्हणून फेरबदलाची गरज उरत नाही आणि कुंडमची अडचणही मिटते. ज्या सहीला २०१२ मध्ये निरोप दिला, ती अशी परत आली. मर्यादा दोन आहेत. फोनमध्येच शिरलेला घातक ॲप किल्ली नेऊ शकत नसला तरी तिथल्या तिथे वापरू शकतो. आणि पुराव्यावर वेळ लिहिलेली असते, त्यामुळे घड्याळ चुकलेला फोन नाकारला जाऊ शकतो. त्यासाठी सर्व्हरने स्वतःचा एक ताजा आकडा देण्याची सोय त्याच मानकात आहे.

लॉगआउटचा क्रम

या पार्श्वभूमीवर लॉगआउट ही चार पायऱ्यांची गोष्ट ठरते, आणि त्यांचा क्रम चुकला की ती फसते.

आधी चालू असलेले रिफ्रेश संपू द्यायचे आणि नवे सुरू होऊ द्यायचे नाही. हे न केल्याने होणारी चूक फसवी असते. लॉगआउटने टोकन पुसली, आणि पाठोपाठ आलेल्या रिफ्रेशच्या उत्तराने नवी जोडी पुन्हा लिहिली. पडदा लॉगिनचा दिसतो, पण ॲप पुन्हा उघडला की जुना सेल्समन हजर. मग न पाठवलेल्या ऑर्डर पाठवायच्या. मग `/revoke` बोलवायचे. शेवटी फोनवरचे सगळे पुसायचे. या ‘सगळ्यात’ सूचनांसाठीची नोंदणीही येते. ती सर्व्हरवर जुन्या माणसाच्या नावावर राहिली, तर नव्या सेल्समनच्या हातातल्या फोनवर आधीच्याचे निरोप येत राहतात. आयफोनवर एक जास्तीची काळजी घ्यावी लागते: ॲप काढून टाकला तरी कीचेनमधल्या नोंदी राहू शकतात, म्हणून नव्याने बसवलेल्या ॲपने पहिल्यांदा उघडताना त्या पुसाव्यात.

सर्व्हरवर हातात आलेले एक टोकन रद्द करून भागत नाही, त्या लॉगिनची पूर्ण साखळी रद्द करावी. तसे केले, तर हरवलेल्या उत्तरातले `R2` कुठे तरंगत असले तरी मेलेले असते.

तयार सेवा घेणाऱ्यांनी एक गोष्ट तपासून पाहावी. फायरबेसमध्ये ॲपमधले `signOut` फक्त त्या फोनवरची नोंद पुसते, सर्व्हरवरचे रिफ्रेश टोकन रद्द करत नाही. त्यासाठी सर्व्हरवरून `revokeRefreshTokens` बोलवावे लागते, आणि त्याने त्या वापरकर्त्याचे सगळ्या फोनांवरचे रिफ्रेश टोकन जाते. तासाभराचे आयडी टोकन तरीही चालू राहते. ते थांबवायचे असेल, तर तपासणीच्या वेळी रद्द झाले आहे का हे वेगळे विचारावे लागते.

काय सुटलेले नाही

पहिला न सुटलेला प्रश्न नेटवर्क नसतानाच्या लॉगआउटचा आहे. आरएफसी ७००९ म्हणते की सर्व्हरने `503` दिले, तर टोकन अजून जिवंत आहे असे ॲपने मानलेच पाहिजे आणि थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न करता येतो. पण पुन्हा प्रयत्न करायला टोकन जवळ ठेवावे लागते, आणि लॉगआउट म्हणजे ते जवळ न ठेवणे. एक गट म्हणतो, ताबडतोब पुसा. फोनवर नक्कल नसेल, तर उरलेले टोकन वापरणार कोण? दुसरा गट म्हणतो, नक्कल आधीच चोरीला गेली असेल तर? तो टोकन ‘रद्द करणे बाकी’ अशा वेगळ्या कप्प्यात ठेवतो आणि नेटवर्क येताच पाठवतो. फोन हात बदलत असेल तिथे दुसरा मार्ग जास्त भरवशाचा आहे, पण अट अशी की त्या कप्प्यातले टोकन ॲपमधला दुसरा कोणताही भाग वाचू शकता कामा नये. टोकनऐवजी केवळ सत्र रद्द करण्यापुरती चालणारी वेगळी चिठ्ठी लॉगिनच्या वेळीच देऊन ठेवणे हा त्याहून स्वच्छ पर्याय आहे. वर उल्लेखलेल्या मानकांत मात्र तो नाही, प्रत्येकाला आपापला लिहावा लागतो.

दुसरा प्रश्न लॉगआउटच्या व्याप्तीचा. या फोनपुरते की सगळीकडचे? आरएफसी ९७०० पासवर्ड बदलणे किंवा मुख्य सर्व्हरवरून लॉगआउट होणे अशा घटनांवर रिफ्रेश टोकन आपोआप रद्द करण्याची मुभा देते, सक्ती करत नाही. त्यामुळे दोन ॲपमध्ये एकाच बटणाचा अर्थ वेगळा असू शकतो.

तिसरा प्रश्न कार्यालयातून होणाऱ्या लॉगआउटचा, आणि तो मला सर्वात अवघड वाटतो. फोन हरवल्याचे सेल्समन कळवतो, वितरक साखळी तोडतो. तासाभराने फोन दुकानाच्या काउंटरवर सापडतो. त्यात दिवसभरात घेतलेल्या आणि नेटवर्कअभावी न पोचलेल्या ऑर्डर आहेत. काही ॲप `invalid_grant` मिळताच फोनवरचा सगळा साठा पुसतात, आणि चोराच्या हाती दुकानांची उधारी लागू नये म्हणून ते बरोबरही आहे. काही ॲप ऑर्डर कुलूपबंद ठेवतात आणि तोच माणूस पुन्हा लॉगिन झाला तरच पाठवतात. दुसऱ्या पद्धतीत ऑर्डर वाचते. पण त्या सेल्समनला दरम्यान नोकरीवरून काढले असेल, तर सत्र रद्द होण्यापूर्वी घेतलेली ती ऑर्डर कोणाच्या नावाने स्वीकारायची, याचे उत्तर टोकनच्या कोणत्याही मानकात नाही. ते वितरकाला आणि ॲप लिहिणाऱ्याला समोरासमोर बसून ठरवावे लागते.